नाही म्हणण्याची किंमत

तौलनिक राजकारणाच्या पेपरात एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी फिरून येतो: संघराज्यांतील अधिकारविभागणीची तुलना करा. उत्तरही ठरलेलं असतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात केंद्राला मोजके अधिकार लिहून दिले आणि उरलेले सगळे राज्यांकडे ठेवले, म्हणून तिथली राज्यं बलवान. कॅनडा आणि भारतात शेषाधिकार केंद्राकडे, म्हणून तिथलं केंद्र बलवान. मग कलमांचे आकडे, तीन सूच्यांचा तक्ता, खाली दोन रेघा. उत्तरपत्रिका तपासताना मी त्याला गुण देतो, कारण राज्यघटनांत तसं लिहिलेलं आहे हे खरंच आहे. फक्त त्या तक्त्यावरून त्या देशांचा कारभार कसा चालतो याचा अंदाज बांधायला गेलात, तर दोन ठिकाणी साफ फसाल. ज्याच्या घटनेत केंद्राला झुकतं माप आहे, तो कॅनडा आज जगातल्या सर्वांत विकेंद्रित संघराज्यांत गणला जातो. आणि जिथे राज्यांनी जपून-जपून केंद्राला अधिकार दिले, त्या ऑस्ट्रेलियात राज्यांची तिजोरी केंद्राच्या तोंडाकडे बघत असते.

असं कसं झालं, हे समजून घ्यायला सगळे अधिकार धुंडाळायची गरज नाही. प्राप्तिकर हा एकच अधिकार आणि १९४२ हे एकच साल पुरतं.

ऑस्ट्रेलियाची घटना १९०१ ची. तिच्या ५१ व्या कलमात केंद्राच्या अधिकारांची यादी आहे आणि त्यातला बहुतेक भाग समवर्ती आहे, म्हणजे राज्यंही त्या विषयांवर कायदे करू शकतात. कर बसवण्याचा अधिकारही तसाच, दोघांचा. सीमाशुल्क आणि अबकारी कर मात्र एकट्या केंद्राचे. त्या काळी महसुलाचा मोठा भाग सीमाशुल्कातूनच येई, म्हणून पहिली दहा वर्षं त्यातला तीन चतुर्थांश वाटा राज्यांना परत करायचा, अशी तरतूद टास्मानियाच्या ब्रॅडन यांनी घालून घेतली होती. दहा वर्षं संपली आणि ती तरतूदही गेली. घटना लागू होऊन जेमतेम वर्ष झालं असताना, १९०२ मध्ये, आल्फ्रेड डीकिन या तिथल्या नेत्याने लंडनच्या एका वृत्तपत्रात निनावी लिहिलं होतं, की राज्यं कायद्याने मोकळी राहतील, पण पैशाच्या दोरीने केंद्राच्या रथाला बांधली जातील. हेच डीकिन पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले.

राज्यांना आधार होता तो प्राप्तिकराचा. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१५ मध्ये केंद्रानेही हा कर सुरू केला, आणि पुढची पंचवीसेक वर्षं ऑस्ट्रेलियन माणूस एकाच मिळकतीवर दोन ठिकाणी कर भरत राहिला. राज्याराज्यांचे दर वेगळे होते. क्वीन्सलँडचा चढा, व्हिक्टोरियाचा हलका. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा केंद्राची नेमकी इथे अडचण झाली. देशभर सारखाच दर वाढवावा, तर क्वीन्सलँडच्या श्रीमंताच्या हातात काही उरेना, आणि त्याच्याकडे बघून दर ठेवावा तर व्हिक्टोरियाचा श्रीमंत स्वस्तात सुटे. शिवाय करात राज्यागणिक भेदभाव करायचा नाही, असं घटनाच सांगते. राज्यांना विनंती झाली की युद्ध संपेपर्यंत तुमचा कर थांबवा, आम्ही भरपाई देतो. राज्यांनी मान्य केलं नाही.

मग १९४२ मध्ये पंतप्रधान कर्टिन आणि त्यांचे अर्थमंत्री चिफली यांच्या सरकारने चार कायदे एकत्र आणले. पहिल्याने केंद्राचा प्राप्तिकर इतका वाढवला, की त्यात आधीचे केंद्राचे आणि राज्यांचे कर मिळून सामावतील. दुसऱ्याने सांगितलं, की जे राज्य स्वतःचा प्राप्तिकर लावणार नाही त्याला त्याच्या आधीच्या वसुलीच्या हिशेबाने अनुदान मिळेल. तिसऱ्याने सांगितलं, की करदात्याने आधी केंद्राचा कर चुकता करायचा, राज्याचा नंतर. आणि चौथ्याने राज्यांच्या करखात्याचे कर्मचारी, कचेऱ्या आणि दप्तर युद्धकाळापुरतं केंद्राकडे घेतलं.

या चार कायद्यांत राज्याचा कर लावण्याचा अधिकार कुठेही काढून घेतलेला नाही. हे नीट दिसावं म्हणून मी वर्गात फळ्यावर एक हिशेब मांडतो, आकडे सोपे आणि मनाचे. समजा मेलबर्नचा एक माणूस केंद्राला दहा पौंड भरत होता आणि व्हिक्टोरियाला पाच. आता केंद्र त्याच्याकडून पंधरा घेतं आणि पाच व्हिक्टोरियाला अनुदान म्हणून देतं. माणसाच्या खिशातून पंधराच गेले, राज्याला पाचच मिळाले, सगळं होतं तसंच. आता व्हिक्टोरियाने बाणेदारपणे ठरवलं की आम्ही आमचा कर लावणारच. तो माणूस वीस पौंड भरेल. व्हिक्टोरियाला कराचे पाच मिळतील आणि अनुदानाचे पाच जातील. म्हणजे राज्याच्या तिजोरीत एक पैची भर नाही, करदाता पाच पौंडांनी खालावलेला आणि त्याचा राग राज्य सरकारवर. असा कर कोणता मुख्यमंत्री लावेल?

चार राज्यं उच्च न्यायालयात गेली. ऑस्ट्रेलियात सर्वोच्च न्यायालयाला हेच नाव आहे. सरन्यायाधीश लेथम यांच्या न्यायपीठाने जुलै १९४२ मध्ये चारही कायदे वैध ठरवले. लेथम यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोह पाडणं म्हणजे सक्ती नव्हे, आणि घटनेचं ९६ वं कलम केंद्राला वाटेल त्या अटींवर राज्यांना अनुदान द्यायला मुभा देतं. ही युक्ती ताणत नेली तर राज्यांचं राजकीय स्वातंत्र्यच संपू शकतं, हे त्यांना दिसत होतं आणि त्यांनी ते निकालात लिहिलंही. पण त्यावरचा इलाज राजकारणात शोधा, कोर्टात नाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले. मला हा निकाल पटत नाही, मात्र त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. आपण काय होऊ देत आहोत हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे न्यायाधीश कमी असतात.

युद्ध संपलं, व्यवस्था राहिली. १९५७ मध्ये व्हिक्टोरिया पुन्हा कोर्टात गेलं, तेव्हा ‘आधी केंद्राचा कर’ हा नियम तेवढा रद्द झाला आणि अनुदानाची अट टिकली. म्हणजे तेव्हापासून प्रत्येक राज्याला प्राप्तिकर लावायला कायद्याची आडकाठी नाही. तरी आजतागायत एकाही राज्याने तो लावलेला नाही. पन्नाशीच्या दशकात पंतप्रधान मेंझीस यांनी कर परत देऊ केला, १९७८ मध्ये फ्रेझर सरकारने राज्यांना अधिभार लावण्याची सोय कायद्यात केली, २०१६ मध्ये टर्नबुल यांनी पुन्हा तोच विषय काढला आणि राज्यांनी तो दोन-तीन दिवसांत गुंडाळून ठेवला. कर बसवल्याचा बोल आपण घ्यायचा नाही आणि खर्चाचं श्रेय मात्र घ्यायचं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. केंद्राने अधिकार हिसकावला अशी तक्रार करणाऱ्या राज्यांनाही, तो परत घ्यायची वेळ आली की दुसरं काम आठवतं.

आता कॅनडा. तिथल्या १८६७ च्या कायद्यात केंद्राला कोणत्याही मार्गाने कर बसवायची मोकळीक आहे आणि प्रांतांना फक्त प्रत्यक्ष करांची. शेषाधिकारही केंद्राकडे. युद्ध तेच, अडचण तीच, जवळपास सालही तेच. पण कॅनडाने कायद्याने कोंडी करण्याऐवजी प्रांतांशी करार केले. प्रांतांनी ठरावीक मुदतीसाठी प्राप्तिकराचं क्षेत्र केंद्राला जणू भाड्याने द्यायचं आणि केंद्राने त्याचे पैसे मोजायचे. भाडेकराराला मुदत असते. ती संपली तेव्हा बहुतेक प्रांतांनी कराराचं नूतनीकरण केलं, आणि क्वेबेकचे मुख्यमंत्री द्यूप्लेसी यांनी नकार दिला. १९५४ मध्ये क्वेबेकने आपला वैयक्तिक प्राप्तिकर सुरू केला. केंद्राचा कर होता तेवढाच, त्यावर हा. म्हणजे फळ्यावरच्या व्हिक्टोरियाच्या माणसावर जी पाळी येणार होती, ती क्वेबेकच्या माणसावर खरोखर आली.

पण तिथे फासे उलटे पडले. फ्रेंच भाषक, कॅथलिक बहुसंख्य असलेल्या क्वेबेकमध्ये दुहेरी कराचा राग क्वेबेक सरकारवर निघाला नाही, तो ओटावावर निघाला. आपल्या भाषेच्या शाळा आपल्या पैशाने चालवायच्या तर कर आपला हवा, हे तिथल्या मतदाराला पटलेलं होतं. पंतप्रधान सँ लोराँ स्वतः क्वेबेकचे. त्यांनी काही काळ ताणलं आणि मग क्वेबेकवासीयांना केंद्राच्या करात सूट देऊन वाट करून दिली. तशी सूट आजही आहे, केंद्राच्या मूळ करातून १६.५ टक्के. क्वेबेकमध्ये राहणारा मराठी इंजिनिअर आजही दरवर्षी प्राप्तिकराची दोन विवरणपत्रं भरतो, एक ओटावाला आणि एक क्वेबेकला, आणि त्याबद्दल कुरकुरतो. टोरंटोतल्या त्याच्या मित्राचं एकाच विवरणपत्रावर भागतं, पण त्यात प्रांताचा कर वेगळा मोजलेला असतो आणि त्याचा दर ओन्टारिओची विधानसभा ठरवते.

माझ्या मते अधिकारविभागणीची परीक्षा इथे होते. घटनेच्या तक्त्यात राज्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघावं, पण मग लगेच विचारावं, की हा अधिकार वापरायचा ठरवला तर राज्याला काय गमवावं लागेल, आणि ते सोसायला त्याचे मतदार तयार आहेत का. व्हिक्टोरियाच्या हाती कॅनडाच्या प्रांतांपेक्षा भक्कम कलमं होती. क्वेबेकच्या पाठीशी मतदार होते.

ही फूटपट्टी भारताला लावून पाहू. आपल्या घटनाकारांनी करांच्या बाबतीत मोठी शिस्त पाळली होती. सातव्या परिशिष्टात करांच्या नोंदी केंद्रसूचीत वेगळ्या आणि राज्यसूचीत वेगळ्या. समवर्ती सूचीत करांना जवळपास जागाच नाही. एकाच मिळकतीवर दोन सरकारांची झुंबड उडू नये, हा त्यामागचा विचार. विक्रीकर राज्यांचा होता आणि राज्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो कणा होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. ऑस्ट्रेलियासारखी कोंडी करून नव्हे, राज्यांच्या संमतीने आणि पाच वर्षांच्या भरपाईच्या हमीवर. २०१५-१६ चा महसूल पाया धरून दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची आणि तूट पडली तर केंद्राने भरायची, असा तो सौदा होता. १४ टक्के हा आकडा इतका घसघशीत होता, की नकार देणं राज्यांना महाग पडलं असतं.

हा कर ठरवणाऱ्या परिषदेतल्या मतांचं गणित मुळातून करून बघण्यासारखं आहे. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांच्या एकूण वजनाचे तीन चतुर्थांश हवेत. २८ राज्यं आणि विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश, असे ३१ सदस्य हजर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २.१५ टक्के येतात. सगळी राज्यं एक झाली तरी ६६.६७ टक्केच होतात, म्हणजे केंद्राच्या मर्जीविरुद्ध काहीच होऊ शकत नाही. केंद्राला मात्र ठराव करून घ्यायला वीस राज्यं सोबत लागतात; एकोणीस असतील तर बेरीज ७४.१९ वर अडते. उलट बाजूने बघितलं तर बारा राज्यांनी एकजूट केली की केंद्राचा ठराव पडतो. आणि या तराजूत महाराष्ट्र आणि गोव्याचं वजन अगदी सारखं आहे. कराच्या वसुलीत देशात पहिला नंबर असणाऱ्या राज्याला हे झोंबतं, गोव्याला अर्थातच नाही.

प्रत्यक्षात परिषदेत मतदान जवळपास होतच नाही. पहिल्यांदा झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या कराच्या दरावरून. २०२० च्या साथीत महसूल कोसळला आणि भरपाई कोणी द्यायची यावर मोठा वाद झाला, तेव्हाही शेवटी तोडगा निघाला तो चर्चेतून: केंद्राने राज्यांच्या वतीने कर्ज काढलं, पहिल्या वर्षी १ लाख १० हजार कोटींचं आणि दुसऱ्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटींचं.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स खटल्यात सांगितलं, की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. वर्तमानपत्रांनी संघराज्याचा विजय म्हणून मथळे दिले. मला त्या दिवशी व्हिक्टोरिया आठवलं. उद्या एखाद्या राज्याने निकालाच्या आधारावर स्वतःचा वेगळा दर लावला, तर आंतरराज्य व्यापारात भरलेल्या कराची वजावट मिळण्याची साखळी तुटेल, आणि व्यापारी शेजारच्या राज्यात जाऊन माल भरेल. अधिकार आहे, तो वापरायची सोय नाही. म्हणूनच राज्यं त्या निकालाचा दाखला देतात आणि दर परिषदेचाच ठेवतात. पेट्रोल, डिझेल आणि दारू या कराबाहेर ठेवण्याबद्दल मात्र सगळ्या पक्षांच्या राज्यांचं विलक्षण एकमत आहे. तिथे स्वतःच्या हातात दर आहे आणि तो सोडला तर काय उरतं हे त्यांना कळून चुकलंय.

पेट्रोलचाच हिशेब घेऊ, कारण केंद्राच्या बाजूची हातचलाखी तिथे चांगली दिसते. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के ठरवला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. पण २००० च्या ८० व्या घटनादुरुस्तीनुसार उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर एक लिटर पेट्रोलवर केंद्राचा अबकारी कर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातला मूळ अबकारी कर किती? १ रुपया ४० पैसे. बाकीचे ११ रुपये विशेष अतिरिक्त अबकारीचे, १८ रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकराचे, अडीच कृषी उपकराचे, आणि हे सगळे केंद्राचेच. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून सुमारे ५७ पैसे. त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याला साडेतीन पैशांहून थोडे जास्त. इथे घटनेचा भंग कुठेही झालेला नाही. ४१ टक्के जसेच्या तसे आहेत, फक्त ते ज्याचे मोजायचे ती रक्कम आटवली.

यावर बोट दाखवताना महाराष्ट्र सरकारने आरशात बघायला हरकत नाही. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लावणारी मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला गेली, ती लोकांना हायसं वाटावं अशीच गेली. पण देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका त्या दिवसापासून राज्य सरकारच्या दरमहाच्या भरपाईवर अवलंबून झाली. केंद्राने राज्यांना जे केलं असं राज्यं म्हणतात, ते राज्यांनी शहरांना आधीपासून केलेलं असतं, आणि शहरांच्या बाजूने भांडायला घटनेत कोणी नाही.

राज्यांच्या बाजूने भांडायला राज्यसभा आहे, असं पाठ्यपुस्तक सांगतं. पण तिथले सदस्य पक्षाच्या आदेशावर मत देतात, आणि २००३ पासून तर उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याचीही अट राहिलेली नाही. जर्मनीत वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या बुंडेसराटमध्ये राज्य सरकारांचे मंत्रीच बसतात, लोकसंख्येप्रमाणे तीन ते सहा मतं असतात आणि राज्याने ती सगळी एकगठ्ठा टाकायची. प्राप्तिकरातले ४२.५ टक्के केंद्राचे, ४२.५ राज्यांचे, १५ नगरपालिकांचे. राज्यांना वाटा असलेल्या कराचा कायदा बुंडेसराटच्या संमतीशिवाय होत नाही. आपल्याकडच्या राज्यांनी मागावं ते जवळपास सगळं तिथे आहे.

तरीही १९९१ मध्ये एकीकरणाच्या खर्चासाठी तिथल्या केंद्राने प्राप्तिकरावर एक ऐक्य-अधिभार बसवला, १९९५ पासून तो कायम झाला. दर आता ५.५ टक्के. असा अधिभार पूर्णपणे केंद्राचा असतो असं तिथल्या घटनेतच आहे, आणि त्याला बुंडेसराटची संमती लागत नाही. २०२१ पासून बहुतेकांना तो माफ झाला, पण वरच्या मिळकतीवर आणि कंपन्यांवर आहेच. एकीकरणाला इतकी वर्षं झाली तरी हा अधिभार का, म्हणून प्रकरण घटना न्यायालयात गेलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला.